काखेत कळसा, नाकावर बोट

२१ जूनला सकाळी शाळांच्या सभागृहांत, सोसायट्यांच्या गच्चीवर आणि कार्यालयांच्या पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या जातात. २०१५ पासून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून पाळला जातो. आसने उरकतात, घाम पुसला जातो आणि ध्वनिक्षेपकावरून सूचना येते: पाठ ताठ, उजवा हात नाकाशी, अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद. डावीने श्वास घ्या, उजवीने सोडा, उजवीने घ्या, डावीने सोडा. आयुष मंत्रालयाच्या सामान्य अभ्यासक्रमात नाडीशोधन किंवा अनुलोम-विलोम प्राणायामाची अशी पाच आवर्तने आहेत. पाच मिनिटांपूर्वी ताडासनात डुलणारी सगळी रांग नाकाला हात लावून गंभीर होते.

याच वेळी एक गोष्ट हमखास दिसते. कुणाचा श्वास उजवीकडून बिनबोभाट जातो आणि डावीकडे अडतो. शेजारच्याचे नेमके उलटे असते. तो तोंड वेडेवाकडे करतो, नाकातून बारीक शिट्टी वाजते, शेवटी चोरून तोंडाने श्वास घेतो. दिवस जूनचे, पाऊस नुकताच लागलेला, त्यामुळे निम्म्या लोकांना वाटते की सर्दीच असणार. मग प्रशिक्षक सांगतात, तुमची ती नाडी अशुद्ध आहे, रोज केलेत की मोकळी होईल. ऐकणारा घरी जातो तो आपल्यात काहीतरी बिघडले आहे असे मनात धरूनच.

आमचे म्हणणे एवढेच आहे की बहुतेकांचे काहीच बिघडलेले नसते. निरोगी नाकाची एक बाजू दिवसातला बराच काळ अर्धवट मिटलेली असते आणि तिने तसे असणेच अपेक्षित आहे. बोट नाकपुडीवर ठेवण्याआधीच नाकाने आपल्यापुरती एक निवड केलेली असते.

ही निवड कोण करते, हे बघायला नाकाच्या आत जावे लागते. नाकाच्या बाहेरच्या भिंतीवरून आतल्या पोकळीत तीन मांसल वळ्या लोंबतात. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांपैकी सर्वांत खालची वळी सर्वांत मोठी. तिच्या पातळ आवरणाखाली रुंद, पिशवीसारख्या शिरांचे जाळे असते. या शिरांत रक्त साठले की वळी स्पंजासारखी फुगते आणि हवेची वाट अरुंद होते, रक्त ओसरले की ती आकसते आणि वाट मोकळी होते. शिरा आकसून धरण्याचे काम स्वायत्त मज्जासंस्थेच्या अनुकंपी तंतूंकडे आहे. डाव्या बाजूला त्यांचा जोर वाढला की डावे नाक उघडते आणि त्याच सुमारास उजवीकडचा जोर उतरून उजवे मिटते. काही तासांनी पारडे फिरते. यात शेंबडाचा काही संबंध नसतो. नाक शिंकरून ही बाजू मोकळी होत नाही ती याचमुळे.

जर्मन वैद्य रिचर्ड कायझर यांनी १८९५ साली या अदलाबदलीचे शास्त्रीय वर्णन केले, आणि वैद्यकात तिला नासिकाचक्र म्हणतात. आपल्याकडच्या हठयोगी आणि स्वरोदय परंपरेला मात्र ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. डावा तो चंद्रस्वर, उजवा तो सूर्यस्वर, दोन्ही बाजू आळीपाळीने चालतात, हे निरीक्षण अचूक आहे. कुठलेही उपकरण हाती नसताना, केवळ स्वतःच्या श्वासाकडे लक्ष देऊन ते केले गेले याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. परंपरा घसरली ती वेळापत्रकात. शिवस्वरोदयात प्रत्येक स्वराला अडीच घटिका, म्हणजे एक तास, नेमून दिलेला आहे. शुक्ल पक्षाच्या पहिल्या तीन दिवशी सूर्योदयाला कोणता स्वर असावा, कृष्ण पक्षात कोणता, याचेही नियम आहेत. प्रत्यक्ष मोजमापात असा काटेकोरपणा सापडत नाही. कुणाचे चक्र तासाभरात फिरते, कुणाला चार-पाच तास लागतात, एकाच माणसाचे आज वेगळे आणि उद्या वेगळे. जागेपणी साधारण दोन तासांच्या आसपास सरासरी मिळते, झोपेत हा काळ लांबतो. काही निरोगी माणसांत तर दोन्ही बाजूंची नीटशी अदलाबदल दिसतच नाही. एक बाजू बदलते, दुसरी जागच्या जागी राहते, किंवा दोन्ही एकदमच कमी-जास्त होतात.

हे पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही. जेवणाची स्टीलची गुळगुळीत ताटली घ्यावी, थोडा वेळ थंड पाण्याखाली धरून कोरडी पुसावी आणि वरच्या ओठाला टेकवून आडवी धरावी. तोंड मिटून नाकाने सहज श्वास सोडावा. ताटलीवर वाफेचे दोन ठसे उमटतात. त्यांपैकी एक मोठा असतो आणि तो उशिरा विरतो, दुसरा लहान असतो आणि लगेच पुसला जातो. मोठा ठसा ज्या बाजूला, ती बाजू आत्ता उघडी. हेंड्रिक झ्वार्डेमाकर या डच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थंड आरसा वापरून नाकाची तपासणी सुरू केली ती याच तत्त्वावर. आता दवाखान्यात हवेचा दाब आणि प्रवाह एकत्र मोजणारी यंत्रे आहेत, पण घरी ताटली पुरते. सकाळी, जेवणानंतर, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी ठसे पाहावेत आणि कॅलेंडरच्या चौकोनात ‘डा’ किंवा ‘उ’ लिहावे. आठवड्याभरात स्वतःच्या नाकाची चाल कळू लागते.

ताटलीच का, नुसते जाणवते ना, असे कुणी म्हणेल. पण नाकाच्या बाबतीत जाणवणे फार फसवे आहे. पुदिन्याच्या अर्काचा बाम नाकाखाली लावला की नाक खाडकन उघडल्यासारखे वाटते. मोजून पाहिले तर हवेची वाट तेवढीच असते. मेन्थॉल आतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, आणि नाकाला मोकळेपण कळते ते मुख्यतः त्या थंडाव्यावरून. योगवर्गात बाम लावून बसणाऱ्याला आपली नाडी शुद्ध झाल्यासारखे वाटते त्याचे मर्म हे.

आता थोडा हिशेब. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत, एखाद्या विशिष्ट माणसाचे मोजमाप म्हणून नव्हे. समजा दोन्ही बाजू सारख्याच अर्धवट उघड्या आहेत आणि प्रत्येकीचा हवेला होणारा विरोध ३ आहे. दोन वाटा शेजारी शेजारी असल्या की एकूण विरोध निम्मा होतो, म्हणजे दीड. आता चक्र फिरले, डावी बाजू उघडून तिचा विरोध २ झाला, उजवी मिटून तिचा ६ झाला. दोन्ही मिळून विरोध किती? गणित केले तर पुन्हा दीडच. नाकाच्या दोन बाजू एवढ्या बदलूनही आपल्याला दिवसभरात काहीच कळत नाही त्याचे कारण इथे आहे. एकूण वाट बरीचशी तेवढीच राहते, आणि दोन्हींतून एकदम श्वास घेणाऱ्याला हवा कुठून आली याची फिकीर करावी लागत नाही.

अनुलोम-विलोम नेमकी ही सोय काढून घेतो. डावी दाबून फक्त उजवीने श्वास घ्यायचा म्हटले की विरोध दीडवरून थेट ६ वर जातो, चौपट. तीच व्यक्ती डावीने घेईल तेव्हा २, म्हणजे नेहमीपेक्षा थोडाच जास्त. एकाच आवर्तनात एका श्वासाला दुसऱ्याच्या तिप्पट कष्ट पडतात. शिवाय प्रत्यक्ष नाकात हवा अरुंद वाटेतून जाताना भोवरे करते, त्यामुळे जोर लावला की विरोध आणखी वाढतो. रांगेतल्या त्या शिट्टी वाजवणाऱ्याची नाडी अशुद्ध नव्हती. त्याच्या त्या बाजूचा विरोध तेव्हा सहा होता, शेजाऱ्याचा दोन. दोन तासांनी त्याच सतरंजीवर दोघांना पुन्हा बसवले असते तर कदाचित उलटे दिसले असते.

मग रोज केले की बाजू मोकळी होते, या आश्वासनाचे काय? अभ्यासक्रमातली पाच आवर्तने घ्या. पाच सेकंद श्वास आत, पाच बाहेर धरले तर एका आवर्तनात दोन श्वास, म्हणजे वीस सेकंद. पाच आवर्तने शंभर सेकंदांत संपतात. उच्छ्वास दुप्पट लांब केला तरी अडीच मिनिटे. ज्या चक्राला फिरायला तास लागतात ते दीड-दोन मिनिटांच्या बोटाने फिरावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. दुसरा पुरावा अधिक बोलका आहे. कर्करोगामुळे ज्यांचे स्वरयंत्र काढावे लागते त्यांचा श्वास गळ्यावरच्या छिद्रातून चालतो, नाकातून हवा जातच नाही. अशा रुग्णांची नाके तपासली तेव्हाही आतल्या वळ्यांचे फुगणे-आकसणे चालू असल्याचे आढळले. म्हणजे चक्र चालायला हवेची गरज नाही. त्याचे सूत्र मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या परिसरात आहे, आणि तिथून अनुकंपी तंतूंमार्फत हुकूम सुटतात. नाकपुडी दाबून धरणे म्हणजे त्या हुकमाच्या अगदी शेवटच्या टोकाशी हवा अडवणे. हुकूम देणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

इथे गंमत अशी की स्वर बदलण्याची खरी किल्ली परंपरेकडे होती, आणि ती नाकावर नव्हती. साधूंच्या जुन्या चित्रांत काखेखाली धरलेला आडव्या मुठीचा एक आखूड दंड दिसतो. त्याला योगदंड म्हणतात. डावा स्वर हवा असेल तर दंड उजव्या काखेत दाबून बसायचे, उजवा हवा असेल तर डाव्या. हे ऐकायला भाकडकथेसारखे वाटते. पण १९८५ साली ब्रिटनमधल्या कार्डिफ येथील डेव्हिस आणि एक्लस या संशोधकांनी निरोगी माणसांच्या काखेवर कुबडीने दाब देऊन नाकाचा विरोध मोजला, तेव्हा दाबलेल्या बाजूचे नाक मिटत गेले आणि विरुद्ध बाजूचे उघडत गेले. त्वचेवरचा दाब मज्जातंतूंमार्फत वर पोहोचतो आणि अनुकंपी जोराचे पारडे फिरवतो. कुशीवर झोपल्यावर हेच घडते. उजव्या कुशीवर वळलात की खांदा, बगल आणि बरगड्यांवर दाब येतो आणि काही मिनिटांत उजवे नाक चोंदू लागते. रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होताना नाकाची बाजू बदलते ती त्यामुळे.

काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण इतक्या शब्दशः लागू पडण्याचा योग क्वचितच येतो.

मराठी घरात तर ही किल्ली रोज दुपारी फिरवली जात होती. जेवणानंतरची वामकुक्षी डाव्या कुशीवरच घ्यायची, असा आग्रह आजीआजोबांच्या पिढीचा असे. डावी कूस दाबली की उजवे नाक उघडते, म्हणजे सूर्यस्वर चालू होतो, आणि सूर्यस्वर अन्नपचनाला चांगला, अशी त्यामागची स्वरशास्त्राची मांडणी. तिचा पहिला भाग मोजून खरा ठरला आहे. दुसऱ्या भागाबद्दल सावध राहिलेले बरे. डाव्या कुशीवर पडल्यावर जठरातले आम्ल अन्ननलिकेत कमी चढते हे वैद्यकाला मान्य आहे, पण ते जठराच्या आकारामुळे आणि ठेवणीमुळे. त्यात नाकाचा हात असल्याचे दिसत नाही. एखादी जुनी सवय हितकारक असते आणि तिला दिलेले कारण वेगळेच असते, असे अनेकदा होते. काखेच्या दंडाकडे परत येऊ. सज्जनगडावर समर्थांच्या जतन केलेल्या वस्तूंमध्ये एक कुबडी आहे, आणि समर्थांचे चित्र तिच्याशिवाय काढलेच जात नाही. ते तिचा उपयोग स्वर बदलायला करत असत असे आम्ही म्हणणार नाही. पण कुबडीला वैराग्याची खूण समजून नमस्कार करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की तिच्या मुठीखाली नाकाला जोडलेला एक मज्जामार्ग आहे?

आता उलट प्रश्न. बोटाने चक्र फिरत नसेल, तर अनुलोम-विलोम केल्यावर शांत वाटते ते काय खोटे? मुळीच नाही. त्याचे श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होते एवढेच. एका नाकपुडीतून श्वास घ्यायला लागलो की विरोध वाढतो. घाई केली तर नाक साथ देत नाही, म्हणून श्वास आपोआप हळू आणि लांब होतो. मिनिटाला बारा-पंधरा श्वास घेणारा माणूस पाच-सहावर येतो. प्रत्येक श्वास मात्र मोठा होतो, त्यामुळे फुप्फुसांना हवा पुरते. आणि मिनिटाला सुमारे सहा श्वास ही गती शरीराच्या दृष्टीने खास आहे. रक्तदाब सांभाळणारी जी यंत्रणा मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांवर लक्ष ठेवून हृदयाची गती वरखाली करते, तिची स्वतःची लय साधारण दहा सेकंदांची आहे. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्ही लयी एकमेकींवर पडतात. श्वास घेताना नाडीचे ठोके वाढणे आणि सोडताना कमी होणे ठळक होते. मनगटावर बोटे ठेवून डोळे मिटलेत तर हा फरक तुम्हालाही कळेल.

इटलीतले संशोधक लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक मजेदार तुलना प्रसिद्ध केली. त्यांनी २३ निरोगी लोकांना एकदा लॅटिन भाषेतली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा ‘ॐ मणिपद्मे’ हा मंत्र. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि दोन्हींत हृदय-रक्तदाबाच्या लयी सारख्याच जुळून आल्या. इथे ना नाकपुडी दाबली होती, ना इडा-पिंगळेचा संबंध होता. मग नाकपुडी बदलण्याने या हळू श्वासात नेमकी काय भर पडते? हे ठरवायचे तर अनुलोम-विलोमची तुलना स्वस्थ बसण्याशी करून चालणार नाही. त्याच गतीने, पण दोन्ही नाकपुड्यांनी घेतलेल्या श्वासाशी ती करायला हवी. २०१२ साली प्राणायामाची सवय नसलेल्या लोकांवर अशी तुलना झाली, तेव्हा हृदयगतीच्या चढउतारातली वाढ दोन्ही प्रकारांत मिळाली, एकाची दुसऱ्यावर म्हणावी तशी सरशी झाली नाही. आपल्याकडच्या पुष्कळ लहानमोठ्या अभ्यासांत असा तुलनेचा गटच नसतो. चार आठवडे रोज प्राणायाम करणारे एका बाजूला आणि काहीच न करणारे दुसऱ्या बाजूला ठेवले तर फरक दिसणारच. पण तो बोटाचा, गतीचा की रोज शांत बसण्याचा, हे त्यातून कळत नाही.

उजवी नाकपुडी तापवणारी, डावी थंडावा देणारी, या समजुतीचीही तपासणी झाली आहे. बंगळुरूच्या विवेकानंद केंद्राच्या संशोधकांनी १९९४ साली ४८ पुरुषांचे तीन गट केले. एक फक्त उजव्या नाकपुडीने, दुसरा फक्त डावीने, तिसरा आळीपाळीने श्वास घेणारा. प्रत्येक वेळी २७ श्वास, दिवसातून चार वेळा, महिनाभर. महिन्याच्या शेवटी शरीराचा ऑक्सिजनचा वापर उजव्या गटात ३७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. हा आकडा पुढे अनेक व्याख्यानांत ‘सूर्यनाडी तापवते’ याचा पुरावा म्हणून फिरला. पण त्याच अभ्यासात डाव्या, म्हणजे थंड मानल्या गेलेल्या गटातही वापर २४ टक्क्यांनी वाढला होता, आणि आळीपाळीच्या गटात १८ टक्क्यांनी. एका गटात जेमतेम सोळा माणसे. चंद्रनाडीनेही तापमापी वर चढत असेल, तर सूर्य-चंद्राची विभागणी इतक्या सरळ रेषेत होत नाही असे म्हणणे भाग आहे. डाव्या नाकपुडीने उजवा मेंदू जागा होतो, हे दुसरे लोकप्रिय वाक्य. नाकाचे चक्र आणि मेंदूच्या दोन्ही अर्धांतली विद्युत् हालचाल यांची सांगड १९८३ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी घातली, तीही मोजक्या लोकांवर. पुढच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला कोणत्या नाकपुडीने श्वास घ्यायचा हे सांगण्याइतका आधार त्यातून मिळत नाही.

ऑक्सिजनबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती महाराष्ट्रातच सांगितली गेली होती. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगक्रिया प्रयोगशाळेत मोजायच्या, हा त्यांचा हट्ट. प्राणायामाने शरीराला जादा ऑक्सिजन मिळतो ही समजूत त्यांनी मान्य केली नाही. प्राणायामाचे मोल दुसरीकडे, मज्जासंस्थेवरच्या परिणामांत शोधले पाहिजे, असा त्यांचा रोख होता. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाचे रक्त ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलेच असते, तिथे आणखी भर घालायला फारशी जागा नसते. इतक्या दशकांनंतरही योग दिनाच्या मंचावरून ‘जास्तीत जास्त ऑक्सिजन’ हे शब्द ऐकू येतात, तेव्हा लोणावळा इथून दूर आहे असे वाटू लागते.

ज्यांना अनुलोम-विलोम करायचा आहे त्यांच्या बोटांबद्दल चार शब्द. नाक दाबले की तोंड उघडते, हे म्हणीत ठीक आहे, प्राणायामात ते दाब चुकल्याचे लक्षण आहे. नाकाचे वरचे हाड जिथे संपते आणि खालचा मऊ भाग सुरू होतो तो खळगा बोटांनी चाचपून शोधावा. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार तर्जनी आणि मधले बोट तळव्यात दुमडून अंगठा एका बाजूला आणि अनामिका-करंगळी दुसऱ्या बाजूला ठेवायला शिकवत, आणि बोटांच्या टोकांच्या हलक्या दाबाने वाट कमी-जास्त करण्यावर त्यांचा भर असे. अंगठ्याने खालून नाकपुडीच चेपली की नाकाचे मऊ टोक आणि मधला पडदा पलीकडे ढकलला जातो आणि जी बाजू उघडी राहायला हवी तीच अरुंद होते. दुसरी चूक जोराची. नाकपुडीच्या आत सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर नाकाची सर्वांत अरुंद जागा आहे आणि तिची बाहेरची भिंत मऊ आहे. मिटलेल्या बाजूने जोरात श्वास ओढला की ही भिंत आत खेचली जाते आणि वाट उरलीसुरलीही बंद होते. आरशात नाकपुडीची कड आत जाताना दिसली, किंवा श्वासाचा आवाज शेजाऱ्याला ऐकू आला, तर वेग कमी करायचा. एवढ्यानेही जमत नसेल तर त्या दिवशी दोन्ही नाकपुड्यांनी सावकाश श्वास घ्यावा. वर सांगितलेल्या लाभातले फारसे काही त्यात हुकत नाही. श्वास कोंडून धरण्याच्या भानगडीत रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी पडू नये. वर्गाआधी नाक उघडण्याचे थेंब घालून येण्याची सवयही नको. हे थेंब शिरा आकसून वाट उघडतात खरे, पण चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की परिणाम ओसरताच शिरा आधीपेक्षा जास्त फुगतात, आणि माणूस थेंबांना बांधला जातो.

एक नाक मात्र चक्राच्या हिशेबात बसत नाही. त्याच्या मालकाला लोक ‘हाड वाढलंय’ म्हणतात. प्रत्यक्षात बहुधा मधला पडदा एका बाजूला वाकडा असतो. असा पडदा थोडाफार वाकडा असणारे लोक पुष्कळ आहेत आणि बहुतेकांना त्रास नसतो. समजा एकाचा पडदा लहानपणापासून डावीकडे झुकलेला आहे. डावी वाट कायमची अरुंद, पण तिची त्याला इतकी सवय झालेली की ती अरुंद आहे हेच तो विसरलेला. सगळी भिस्त उजवीवर. चक्र फिरून उजवी मिटली की दोन्ही वाटा एकदम अपुऱ्या पडतात, जीव कासावीस होतो, आणि तो डॉक्टरांना सांगतो की माझे उजवे नाक बंद होते. उजव्या कुशीवर झोपला की हमखास. नाकात पाहिले तर दोष डावीकडे निघतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांना हा उलटा प्रकार चांगला परिचयाचा आहे. अनुलोम-विलोमच्या वर्गात मात्र तो वर्षानुवर्षे निसटतो, कारण तिथे त्याला ‘उजवी नाडी साफ करा’ असे सांगितले जाते.

ताटलीच्या नोंदी इथे कामाला येतात. चक्र असेल तर आठवड्याच्या नोंदींत ‘डा’ आणि ‘उ’ दोन्ही दिसतील, क्रम कसाही असो. सगळ्या वेळी, सगळ्या कुशींनंतर मोठा ठसा एकाच बाजूला पडत असेल तर ते चक्र नव्हे, दुसरी बाजू खरोखर अडलेली असू शकते, आणि आत एकदा दुर्बीण घालून घ्यावी. अडलेल्या बाजूनेच रक्त किंवा दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, वास येईनासा झाला असेल, किंवा लहान मुलाची एकच नाकपुडी वाहत असेल, तर नोंदी करत बसू नये. मुलाच्या बाबतीत आत मणी, शेंगदाणा किंवा खडूचा तुकडा निघण्याची शक्यता बरीच असते, आणि खेळण्यातला बटन सेल अडकला असेल तर त्याच दिवशी, काही तासांच्या आत दवाखाना गाठावा लागतो.